बुटात माया ठेवता येत नाही

पूर्वाच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी बुटाच्या तळाचा स्टड बसला असेल. फुटबॉल म्हटलं की पायावर पाय पडणारच. ती म्हणाली, "नाही गं मम्मी, कुणीच दिला नाही पाय." मग आठ दिवसांनी चवड्याखाली फोड आला, तोही डाव्याच पायाला. सॉक्स काढताना तिने दातावर दात धरले ते मी पाहिलं आणि त्या रात्री मशीन बंद करून बूट हातात घेतले.

मी शाळेचे गणवेश शिवते. अशोक चौकाच्या बाजूला घरातच चार मशिनी आहेत आणि कटिंग मी स्वतः करते. सोलापुरात गणवेशाचा धंदा केवढा आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. वीस वर्षं मापं घेते आहे, पण स्वतःच्या मुलीच्या बुटाचं माप मी एकदाही घेतलं नव्हतं. तिचे पळायचे बूट यूके ७ नंबरचे होते, म्हणून स्टडवाले बूटही ७ चेच मागवले, त्याच कंपनीचे. आत लिहिलेला सेंटिमीटरचा आकडाही दोन्हीकडे सारखाच, २५.५. चूक कुठे झाली ते आधी समजलंच नाही, कारण पळायचे बूट तिला अगदी छान बसत होते.

तिच्या फुटबॉलच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, तिला पळताना बघा, मग कळेल." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर जाऊन बसले. सरळ पळताना काही वाटत नव्हतं. पण बॉल घेऊन ती भरधाव आली, अचानक थांबून डावीकडे वळली, तेव्हा बूट जागेवर थांबला आणि पाय आत पुढे सरकला. लांबूनसुद्धा दिसलं, टाचेकडे बूट उघडा पडल्यासारखा झाला. मध्ये ती दोनदा खाली बसली आणि लेस आणखी करकचून बांधली. जवळ जाऊन पाहिलं तर लेसच्या भोकांच्या दोन्ही रांगा एकमेकींना टेकल्या होत्या. म्हणजे बूट आवळून आवळून मिटला होता आणि पुढे मात्र पोकळी तशीच होती. माझ्या नजरेला ते लगेच खटकलं. ब्लाउजचे हूक लावल्यावर समोर चुण्या पडल्या की समजायचं, कापड जास्त झालंय.

घरी आल्यावर बुटातलं आतलं सोल काढलं. तिच्या बुटांत ते चिकटवलेलं नव्हतं, सहज निघालं. ते फरशीवर ठेवून त्यावर तिला उभं केलं, टाच मागच्या कडेला बरोबर लावून. उजव्या पायाच्या बोटांपुढे १४ मिलिमीटर जागा राहिली, डाव्यापुढे १८. नख डाव्या पायाचं का काळं पडलं ते तिथेच समजलं. डावा पाय लहान आहे, म्हणून तो आत जास्त घसरतो, आणि प्रत्येक वेळी थांबताना अंगठा बुटाच्या टोकावर आदळतो. मला वाटत होतं, नख काळं पडतं ते बूट आखूड झाल्यावर. लांब बुटानेही पडतं.

पळायच्या बुटात मात्र एवढी जागा मुद्दाम सोडतात. तिथे पाय एका दिशेने, टाचेवरून चवड्यावर असा पडत जातो, किलोमीटरमागून किलोमीटर. पाय तापतो, सुजतो, थोडा पसरतो, दर पावलाला जरासा पुढे जातो. म्हणून बोटांपुढे साधारण १० ते १२ मिलिमीटर जागा हवी. फुटबॉलमध्ये पाय एका दिशेने चालतच नाही. आडवा जातो, मागे येतो, जागेवर फिरतो, आणि खाली स्टड मातीत रुतलेले असतात. बूट जमिनीला धरून राहतो, अंग वळतं; मधे पाय सैल असेल तर तो आतल्या आत फिरतो. त्या घासण्याचेच फोड. शिवाय बॉल पायाने ओळखायचा असतो. बोटांपुढे रिकामा बूट असेल तर बॉल आधी त्या रिकाम्या टोकाला लागतो. पूर्वा सांगायची, पास अर्धा इंच आधीच लागतो, तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आणखी एक गोष्ट बूट वाकवल्यावर दिसली. खालची प्लॅस्टिकची पट्टी ठरावीक जागीच वाकते आणि ती जागा चवड्याच्या सांध्याखाली यायला हवी. तिच्या बुटात ती सांध्याच्या पुढे, बोटांखाली येत होती. म्हणजे दर पावलाला पाय एका ठिकाणी वाकणार आणि बूट दुसऱ्याच ठिकाणी.

फुटबॉलच्या बुटात बोटांपुढे ५ मिलिमीटरच्या आसपास जागा पुरते. पेन्सिलीच्या जाडीपेक्षाही कमी. मला हे पचायला जड गेलं, कारण आमच्या धंद्यातली सवय उलटी. मुलांच्या गणवेशात आम्ही माया ठेवतो. पँटच्या खाली दोन इंच आत दुमडून टाकतो, बाहीला थोडं ठेवतो, कमरेला शिलाईत कापड सोडतो. पोरगं वाढलं की उसवायचं आणि सोडायचं. बुटात दुमडायला जागा नाही. ठेवलेली माया पहिल्या दिवसापासून पायापुढे मोकळी पडून राहते आणि पाय तिच्यात घसरतो. पूर्वा पंधरा वर्षांची आहे. दीड वर्षात तिचा नंबर बदललेला नव्हता, म्हणजे तेवढीही गरज नव्हती. आठ-नऊ वर्षांच्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठीही मोठा बूट घेण्यापेक्षा दर दोन महिन्यांनी बुटाच्या टोकावर अंगठा दाबून पाहावं, हे मला आता बरं वाटतं.

मग माप घ्यायला बसले, आणि पहिलं माप माझं स्वतःचंच चुकलं. सकाळी, ती खुर्चीवर बसलेली असताना, तळव्यावर टेप लावून मोजलं. उजवा २३९ मिलिमीटर. लिहून ठेवलं आणि मग मनात आलं, आपण कुणाच्या शर्टाचं माप बसवून घेतो का? बसल्यावर पायावर भार नसतो. उभं राहिलं की कमान थोडी खाली येते, पाय लांब होतो आणि पसरतो. दिवसभरात तो आणखी जरा फुगतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तर फुगतोच. म्हणून दुसरं माप संध्याकाळी प्रॅक्टिसवरून आल्यावर घेतलं, तेही खेळायचे जाड सॉक्स घालून.

भिंतीला लागून फरशीवर कागद चिकटवला. टाच भिंतीला टेकवून तिला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं केलं. खाली बघायचं नाही असं सांगितलं, नाहीतर वजन पुढे जातं. बोटांपुढे कटिंगचा एल-स्केल उभा धरून सर्वांत पुढच्या बोटाला टेकवला आणि त्याच्या खाली खूण केली. नुसत्या पेनाने खूण केली तर पेन आत तिरका होतो आणि माप दोन-तीन मिलिमीटर कमी येतं. स्केल उभा असला की ती चूक होत नाही. पूर्वाचं सर्वांत लांब बोट अंगठा आहे, पण आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीचं अंगठ्याशेजारचं बोट लांब निघालं. तेव्हा अंगठाच मोजायचा असं काही नाही.

उजवा २४५, डावा २४१. सकाळच्या मापात आणि ह्यात उजव्या पायाला ६ मिलिमीटरचा फरक. त्यात सॉक्सची जाडी आहे, भार आहे आणि संध्याकाळही आहे. पुढे समजलं की एक यूके नंबर म्हणजे इंचाचा एक तृतीयांश, सुमारे साडेआठ मिलिमीटर. म्हणजे माझ्या सकाळच्या घाईत पाऊण नंबर गेला होता.

रुंदी चवड्याची घ्यायची. अंगठ्याच्या बुडाशी आतल्या बाजूला एक हाड वर येतं आणि करंगळीच्या बुडाशी बाहेरच्या बाजूला दुसरं. हे दुसरं थोडं मागे असतं, म्हणून रेघ तिरकी येते. ती उजव्या पायाला ९९ मिलिमीटर आली. मग त्याच दोन हाडांवरून टेप गोल फिरवून घेर घेतला, उभं असतानाच, टेप न आवळता. २४६. घेर लांबीपेक्षाही एक मिलिमीटर जास्त! मी तिचा पाय हातात घेऊन पाहिला. लहानपणी मालिश करताना हाच पाय किती रुंद वाटायचा ते आठवलं. लांबीचा नंबर काढताना ही रुंदी आम्ही कधी धरलीच नव्हती.

दुसरे बूट तरीही चुकले. नव्या पेठेतल्या एका दुकानातून यूके ६ घेतले, लांबी बघून. आतल्या सोलवर उभं राहिल्यावर उजव्या पायापुढे जागा साडेपाच मिलिमीटर, म्हणजे हवी तशीच. पण ते बूट अरुंद घडणीचे होते, वर पातळ सिंथेटिक. वीस मिनिटांत करंगळीला मुंग्या आल्या. बूट काढल्यावर करंगळीच्या बुडाच्या हाडावर लाल गोल ठसा होता आणि करंगळी शेजारच्या बोटाखाली वळलेली. आधीच्या बुटात लेसच्या रांगा एकमेकींना टेकत होत्या, इथे त्या इतक्या फाकल्या की मधली जीभ पूर्ण दिसत होती. आतल्या सोलवर उभी केली तर करंगळीकडचा पाय कडेच्या बाहेर चांगला बोटाच्या निम्म्याने लोंबत होता. थोडा बाहेर येणं चालतं, कारण बुटाचं वरचं कातडं सोलच्या बाहेरूनच पायाला वेढा घालतं. पण एवढं नाही.

दुकानदार म्हणाले, "वहिनी, घट्ट होत असेल तर साडेसहा नाहीतर सात घ्या की." सगळे हेच सांगतात आणि मीही घेतले असते. पण मापावरून माप वाढवायचं काम मी रोज करते, म्हणून विचारावंसं वाटलं, की नंबर वाढल्यावर रुंदी नक्की वाढते किती? त्यांना सांगता आलं नाही. सांगितलं ते आमच्या भागात बसणाऱ्या एका म्हाताऱ्या चर्मकार काकांनी. तरुणपणी ते चामड्याचे बूट बनवायचे.

काकांनी बूट उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "पोरी, बूट पायावर बनत नाय, फरम्यावर बनतो. नंबर कसला बघतीस, फरमा बघ." फरमा म्हणजे ज्या साच्यावर कातडं ओढून बूट घडवतात तो. त्यांच्या हिशोबात एक नंबर वाढला की फरमा इंचाचा तिसरा भाग लांब होतो आणि चवड्याचा घेर पाव इंच वाढतो. हे मला लगेच पटलं, आम्हीही छाती दोन इंच वाढवली की बाकीची मापं ठरलेल्या प्रमाणात वाढवतो. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटर, आणि तेही पायाच्या सगळीकडून मिळून. वर, खाली, दोन्ही बाजूंना वाटले गेले तर प्रत्यक्ष रुंदीत कसेबसे दोन मिलिमीटर येतात. पूर्वाला हवी होती त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंदी. नंबर वाढवून ती मिळवायची तर सहाचे आठ करावे लागले असते, आणि लांबी १७ मिलिमीटर वाढली असती. छातीला घट्ट होतं म्हणून कुणी दोन साइझ मोठा शर्ट घेतला तर बाह्या हाताच्या पंज्यावर येतात, तसंच हे.

मी विचारलं, "काका, हे ताणून देता येईल का?" त्यांनी सिंथेटिक बोटाने दाबून दाखवलं. "हे ताणलं तरी परत जागेवर येतंय. चामडं असतं तर हाडाच्या जागी लाकडी फरमा घालून जरा मोठं करून दिलं असतं. पण रुंदीलाच हां. लांबीला कुठलाच बूट वाढत नाय." हे शेवटचं वाक्य मी माझ्या मापाच्या वहीत लिहून ठेवलं आहे. लांबी पहिल्या दिवशीच बरोबर हवी. रुंदीला, चामडं असेल तरच, थोडी घट्ट चालेल, ती सैल होईल. घट्ट म्हणजे हातमोज्यासारखी. मुंग्या, ठणका किंवा वळलेलं बोट म्हणजे घट्ट नव्हे, तो बूट आपला नाही.

तिसऱ्या वेळी दुकानात संध्याकाळी गेलो, पूर्वाने खेळायचे सॉक्स पिशवीत घेतले आणि मी टेप. यूके ६ चेच दोन कंपन्यांचे बूट समोर ठेवले. एकाच्या आतल्या लेबलवर २४.५ सेंटिमीटर होतं, दुसऱ्याच्या २५. नंबर एकच, फरक अर्ध्या सेंटिमीटरचा. म्हणून आता मी नंबर सांगत नाही, लेबलवरचा सेंटिमीटर बघते आणि त्यावरही पूर्ण विश्वास न ठेवता आतलं सोल काढून पायाखाली घेते. २४.५ वाल्यात एक रुंद घडणीचा जोड होता, चवड्यावर मऊ चामडं, मागे सिंथेटिक. सोलवर उभी केली. उजव्यापुढे साडेपाच मिलिमीटर, करंगळी कडेच्या बाहेर अगदी किंचित.

घालताना टाच मागे ठोकून बसवली, मग लेस खालच्या भोकापासून एकेक ओढत वर आलो. नुसत्या वरच्या दोन ओढल्या तर चवडा मोकळाच राहतो. लेसच्या रांगांमध्ये माझं एक बोट मावेल एवढं, सगळीकडे सारखं अंतर राहिलं. दुकानाबाहेरच्या फरशीवर तिला चार पावलं पळून झटकन थांबायला लावलं. टाच उठली नाही, बोटं टोकाला लागली नाहीत. मग एका पायावर उभं राहून दोन्हीकडे वळायला सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, चवड्याला दाबतंय जरा, पण दुखत नाहीये." पंधरा मिनिटं तशीच बसवली. मुंग्या आल्या नाहीत. दुकानदारांनी तेवढा वेळ दिला, मधे चहाही मागवला, त्यांचे आभार मानायला हवेत.

डाव्या पायापुढे मात्र साडेनऊ मिलिमीटर राहिले. मोठ्या पायावर बूट घ्यायचा हे ठरलेलंच असतं, लहान पायाला नंतर सांभाळून घ्यावं लागतं. डाव्या बुटात आतल्या सोलखाली आणखी एक पातळ सोल घातलं. त्याने लांबी कमी होत नाही, पण पाय वर उचलला जातो, वरचं कातडं त्याला धरतं आणि घसरणं थांबतं. एवढ्याने पुरलं. फरक एका नंबराएवढा असता तर पुरलं नसतं.

स्टडबद्दल एक सांगायलाच हवं, कारण ते मापाशी जोडलेलं आहे. आपल्याकडची मैदानं पावसाळा सोडला तर दगडासारखी. हिरवळीसाठीचे लांब स्टड त्यात रुतत नाहीत, उलट खालून पायात टोचतात, आणि चवडा दुखला की मुलीला वाटतं बूट घट्ट आहे. म्हणून तिच्यासाठी आखूड आणि पुष्कळ रबरी स्टड असलेलेच बूट घेतले. दुखणं वरून आहे की खालून, ते आधी विचारून घ्यावं. हाडावर बाजूला ठसा असेल तर रुंदी, तळव्यावर गोल गोल ठसे असतील तर स्टड.

पहिले चार दिवस तिने ते घरातच अर्धा-अर्धा तास घातले, मी कापड कापत असताना ती मशिनींच्या मधून फेऱ्या मारायची. मग प्रॅक्टिसला, आणि मॅचला दोन आठवड्यांनी. महिन्याने लेसच्या रांगांमधलं अंतर मोजलं, तीन मिलिमीटर कमी झालं होतं. चामडं तेवढं सैल झालं. दुकानातच सैल वाटतात म्हणून खूश होऊन घेतले असते, तर आता रांगा एकमेकींना टेकल्या असत्या. आतल्या सोलवर उभी करून पुन्हा पाहिलं, उजव्यापुढे साडेपाचच. काळं नख गळून खालून नवीन येतं आहे, निम्म्यावर आलंय.

तिच्या टीममधल्या मुलींनी हे बघितलं आणि एक-एक करून घरी येऊ लागल्या. गणवेशाच्या मापांच्या वहीत मी शेवटची पानं त्यांच्यासाठी काढली आहेत. नाव, तारीख, उजवा, डावा, रुंदी, घेर. परवा आलेल्या गोलकीपर मुलीचा पाय २५२ लांब आणि ९१ रुंद निघाला, अगदी सडपातळ. पूर्वाला चावलेले ते अरुंद घडणीचे बूट कपाटात पडून होते, ६ नंबरचे. तिला लांबीला आखूड झाले, पण घडण मात्र तिच्या पायाला बरोबर बसली. त्याच घडणीचा ७ नंबर तिने मागवला आहे. आला की आधी सोल काढून माझ्याकडे आण, असं सांगितलंय.